हेवी डिपॉझिटचं नंतर, आधी पश्चिमेची भिंत बघा

«ठाण्यात वन बीएचके भाड्याने घेतोय. मालक दोन पर्याय देतात: 1 लाख डिपॉझिट आणि 28 हजार भाडं, किंवा 9 लाख हेवी डिपॉझिट आणि 20 हजार भाडं. 3 लाखांची एफडी मोडून आणि 5 लाखांचं पर्सनल लोन (14 टक्के, 3 वर्षं) काढून हेवी डिपॉझिट द्यावं का? करार 11 महिन्यांचा, लॉक-इन 6 महिन्यांचा. फ्लॅट रविवारी दुपारी पाहिला, नुकताच रंग दिलाय. सातवा, म्हणजे शेवटचा मजला. टाकी डोक्यावरच, त्यामुळे पाण्याला जोर असेल. ब्रोकर म्हणतो, मे संपायच्या आत टोकन द्या.»

नको. भाड्यात वर्षाला 96 हजार वाचतील. कर्जाचं पहिल्या वर्षाचं व्याज साधारण 60 हजार, प्रोसेसिंग फी 10 हजार धरा, एफडीचं बुडालेलं व्याज 21 हजार. हातात उरले 5 हजार. शिवाय हप्ता 17 हजारांचा, म्हणजे दरमहा 28 ऐवजी 37 हजार जाणार आणि अडीअडचणीची एफडीही संपलेली. याला बचत म्हणणाऱ्या ब्रोकरला स्वतःचे 8 लाख घालायला सांगा.

पण मला काळजी दुसरीच आहे. शेवटचा मजला, ताजा रंग आणि मे महिना हे तिन्ही एकत्र आले की मी आधी छत बघतो. गच्चीची गळती उन्हाळ्यात दिसतच नाही. परत जा आणि ज्या भिंतीवर पावसाचा मारा बसतो ती, बहुधा पश्चिमेची, टॉर्च आडवा धरून बघा. रंगाखाली फुगवटे, खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात लोणा, म्हणजे पांढरी भुकटी, एकाच भिंतीला नवा रंग, कपाटाच्या पाठीच्या प्लायला कुबट वास: यातलं काही दिसलं की प्रश्न विचारा. पीओपीचं छत असेल तर त्यामागचं काहीच दिसणार नाही, तेव्हा सोसायटीकडे गच्चीचं वॉटरप्रूफिंग कधी झालं ते विचारा. बाहेरून आणि गच्चीतून येणारं पाणी हे सोसायटीचं काम. पण जूनमध्ये तक्रार केली तर पाऊस थांबेपर्यंत कोणी वॉटरप्रूफिंगला हात लावत नाही. तोवर लॉक-इनमध्ये बादल्या लावून तुम्हीच बसणार.

पाण्याच्या जोराबद्दलची तुमची समजूत उलटी आहे. जोर टाकीच्या उंचीवर ठरतो. दहा मीटर खालच्या नळाला जो दाब मिळतो, त्याचा जेमतेम तिसरा हिस्सा टाकीच्या तीन मीटर खाली मिळतो. म्हणून वरच्या मजल्यावर शॉवर नुसता ठिबकतो आणि इन्स्टंट गीझर कधीकधी चालूच होत नाही. सकाळी सात-साडेसातला जा. 20 लिटरची बादली बाथरूमच्या नळाखाली ठेवा आणि त्याच वेळी स्वयंपाकघरातला नळ सोडून फ्लश ओढा. बादली दोन मिनिटांत भरली तर उत्तम. चार मिनिटांच्या वर गेली तर मालकाला प्रेशर पंप बसवायला सांगा, आणि तो कोणाच्या खर्चाने ते आधी ठरवा. टँकर येतो का आणि त्याचे पैसे कोण देतो, हेही तेव्हाच.

हवेसाठी एवढंच बघा: बाथरूमची खिडकी बाहेर उघडते की डक्टमध्ये, आणि बाल्कनी बंद करून स्वयंपाकघराचा वारा अडवलाय का. मोबाइलचं तर सोपं आहे. बेडरूममध्ये जा, दार-खिडक्या लावा, दोन मिनिटं कॉल करा आणि बँकेचा ओटीपी मागवून बघा. ब्रोकर तुम्हाला बाल्कनीत उभं करून सिग्नल दाखवेल.

शेजाऱ्यांकडे शेवटी जा, पण जा, आणि तेही आठवड्यातल्या कामाच्या दिवशी रात्री आठला. खालच्या मजल्यावर विचारा, «तुमच्या बाथरूमच्या छतातून पाणी येतं का?» येत असेल तर ते तुम्ही घेताय त्या बाथरूमचं, आणि उद्या लाद्या फोडायला माणसं तुमच्या घरात येणार. ती दुरुस्ती फ्लॅटमालकाची असते, सोसायटीची नव्हे, त्यामुळे ती रेंगाळते. वॉचमनला फक्त एक विचारा: आधीचे भाडेकरू पावसाळ्यात गेले की उन्हाळ्यात?

चौथ्या महिन्यात घर सोडावं लागलं तर ब्रोकरेज 28 हजार, लॉक-इनच्या उरलेल्या दोन महिन्यांचं भाडं 56 हजार, सामान हलवायला 15 हजार, म्हणजे लाखभर गेले. हेवी डिपॉझिट दिलं असेल तर वर 9 लाख मालकाच्या सोयीने परत. म्हणून 28 हजारांचा पर्याय घ्या, तोही तपासणीनंतर, आणि नोंदणी करायच्या करारात हे कलम घाला: गळती किंवा पाणीटंचाई लेखी कळवल्यापासून 15 दिवसांत दूर झाली नाही तर लॉक-इन लागू नाही, डिपॉझिट ताबा देताच परत. मालक हे कलम घालायला तयार नसेल तर टोकन देऊ नका.