खोडलेलं गणित

"मॅडम, एम-थ्री दुसऱ्यांदा राहिला. ८०पैकी ३२ हवे होते, २४ पडले. अभ्यास केला होता हो! निकाल आपल्या हातातच नसेल तर परत बसून तरी काय होणार?"

निकाल लागले की आठवड्यातून दोन-तीनदा तरी कुणी ना कुणी समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसून हेच म्हणतं. हा मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा; एम-थ्री म्हणजे त्याचा गणिताचा तिसरा पेपर. त्याला निनाद म्हणू. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येतात का, हे मी पहिल्याच भेटीत सरळ विचारलं. नव्हते येत. झोप-जेवण ठीक होतं. ते बिघडलेलं असतं, तर पुढचं काहीही न बोलता आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. त्या अवस्थेत 'हातात आहे, हातात नाही' अशी विचारांची वाटणी कामाला येत नाही.

मी त्याला कागदावर मधोमध रेघ मारायला सांगितली. एका बाजूला माझ्या हातातलं, दुसऱ्या बाजूला हातात नसलेलं. त्याने पटकन लिहिलं. हातात नाही: पेपर, तपासणारे, निकाल, बाबांचा अबोला. हातात आहे: रोज आठ तास अभ्यास.

"आणि ताप आला तर? रात्री लाईट गेली तर?"

तो गप्प झाला. बहुतेक मुलं इथेच अडकतात. ही वाटणी एपिक्टेटसची. पहिल्या-दुसऱ्या शतकातला हा तत्त्वज्ञ, जन्माने गुलाम, पायाने अधू. त्याच्या यादीत शरीरसुद्धा 'आपल्या हातात नाही' या बाजूला आहे. मग हातात उरतं काय? आपण कशाला 'खरं आहे' म्हणून मान डोलावतो ते, कशाची इच्छा धरतो ते आणि काय करायला निघतो ते. समुपदेशनाच्या ज्या विवेकनिष्ठ पद्धतीने मी काम करते ती मांडणाऱ्या मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसने एपिक्टेटसचं ऋण उघडपणे मान्य केलं होतं, आणि इतक्या वर्षांनंतरही मला एपिक्टेटसपाशी परत जावंसं वाटतं.

"म्हणजे 'कर्मण्येवाधिकारस्ते'च ना? आजोबा रोज म्हणतात."

"जवळचं आहे. पण हा माणूस कर्माच्याही एक पाऊल आधी थांबतो. त्या कर्माआधी तू मनात कशाला 'हो' म्हणालास, ते बघतो."

हे त्याला पटलं नाही. शब्दांनी पटतही नाही. म्हणून पुढच्या भेटीला उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी आणायला सांगितली. तपासणी कडक झाली, ही त्याची तक्रार होती. खरंच मार्क कापलेले दिसले, तर फेरतपासणीचा अर्ज करायचा, एवढं त्या बाजूचं काम.

पानं उलटता उलटता सहाव्या पानावर आम्ही थांबलो. फुरिअर सिरीजचं गणित. ए-झिरो बरोबर, ए-एन बरोबर, फक्त बी-एन काढायचा राहिलेला. आणि अख्ख्या पानावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ, इतकी दाबून मारलेली की कॉपीतही ती काळीभोर उमटली होती. खोडलेल्या पानाला मार्क कुठले मिळणार?

"ही कुणी मारली?"

"मीच." बराच वेळ तो रेघेवरून बोट फिरवत होता. "शेजारच्याने पुरवणी मागितली. मग मागच्याने. मला वाटलं सगळ्यांचं होत आलं, माझंच चुकतंय. संपलो मी."

"पुरवणी कुणाच्या हातात?"

"त्यांच्या."

"आणि 'संपलो मी' हे?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग हळूच म्हणाला, "ते कुणीच बोललं नव्हतं."

या एका वाक्यासाठी मी चार भेटी थांबले होते. ते मी सांगून टाकलं असतं, तर त्याच्यासाठी तो आणखी एक उपदेश झाला असता. 'संपलो' हा विचार मनात येणं त्याच्या हातात नव्हतं. तो खरा मानून पेन उचलणं होतं. एपिक्टेटस म्हणतो, असा बोचरा विचार आला की त्यालाच सांगावं: तू नुसता भास आहेस, दिसतोस तसा असशीलच असं नाही.

मग आम्ही लक्ष्य बदललं. '३२ मार्क' काढून टाकले. त्याजागी 'सोडवलेलं उदाहरण झाकून, हातात घेतलेलं गणित शेवटपर्यंत लिहायचं. मध्ये खोडायचं नाही' असं आलं. नेम नीट धरणं तिरंदाजाचं, बाण सुटल्यावर वारा कुणाचा? पण त्यामुळे 'निकाल माझा नाही' ही पळवाट होत नाही. फोटोकॉपीत दोन प्रश्न कोरेच होते, लाप्लासचे. त्याने तो धडा उघडलाच नव्हता. ते त्याने स्वतःहून 'हातात आहे' या बाजूला लिहिलं.

बाबांचा अबोला मात्र त्या बाजूला येईना. तिथे त्याला एवढंच सुचलं, की मार्क आपणच, न विचारता, त्यांना सांगायचे. त्याने सांगितले. बाबा अजूनही फारसं बोलत नाहीत.

पुन्हा दिलेल्या पेपरच्या संध्याकाळी मेसेज आला: "फुरिअर आला होता. पुढच्याने पुरवणी मागितली तेव्हा पेन थांबलं. मग बी-एन काढला."