थान्याचा दाखला आणि पासपोर्ट ऑफिसचा दाखला

"ताई, मी इंदूरचा, सुदामा नगरात राहतो. कुवेतला एका हॉस्पिटलात मशीन टेक्निशियनची नोकरी लागली आहे. कंपनी पोलिस क्लिअरन्स मागतेय. पोलिस थान्यातून चरित्र सत्यापनाचा कागद काढलाय, सही-शिक्का आहे, त्यात काही वाईट लिहिलेलं नाही. तो चालेल ना? आणि पाच वर्षांच्या मुलाला लगेच सोबत नेऊ की मागाहून?"

नाही चालणार. कंपनी मागतेय तो पोलिस क्लिअरन्सचा दाखला पासपोर्ट ऑफिसातून निघतो. मी स्वतः तोच कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून मिरवला होता आणि एजंटने तो उघडूनही पाहिला नाही, म्हणून इतकं ठाम सांगते.

त्याचा फॉर्म, अपॉइंटमेंट, पाचशे रुपये फी, हे सगळं passportindia.gov.in वर आहे, ते मी पुन्हा लिहीत बसत नाही. हे दोन कागद एकाच जातीचे का नाहीत, ते मात्र समजून घे. थान्याचा कागद म्हणतो की त्यांच्या नोंदीत तुझ्याविरुद्ध काही सापडलं नाही. तो भाडेकरू ठेवताना किंवा इथल्या खासगी नोकरीसाठी असतो. माझ्या कागदावर पासपोर्ट नंबर नव्हता, कुठल्या देशासाठी तेही नव्हतं. पासपोर्ट ऑफिसचा दाखला तुझ्या पासपोर्ट नंबरावर निघतो, फॉर्ममध्ये देश निवडावा लागतो, आणि त्यात लिहिलेलं असतं की त्या देशाचा व्हिसा वगैरे मिळण्यास अपात्र ठरवणारी प्रतिकूल माहिती या व्यक्तीविरुद्ध नाही. सही पासपोर्ट अधिकाऱ्याची, म्हणजे परराष्ट्र मंत्रालयाच्या माणसाची. पोलिस मात्र दोन्हीकडे तेच, चौकशी तेच करतात. फरक हा की दुसऱ्या वेळी त्यांचा अहवाल तुझ्या हातात न येता सरळ पासपोर्ट ऑफिसकडे जातो.

पुढची पायरीही यावरच अडते. अपोस्टिल म्हणजे एकाच शिक्क्यावर दुसऱ्या देशाचा कागद मान्य करण्याचा करार; कुवेत त्यात नाही, म्हणून कागदावर आधी परराष्ट्र मंत्रालयाचं आणि मग त्यांच्या दूतावासाचं साक्षांकन लागतं. थान्याचा कागद मंत्रालयापुढे न्यायचा तर आधी राज्याच्या गृह विभागाचा शिक्का हवा. पासपोर्ट ऑफिसचा दाखला त्यांच्या घरचाच. शिवाय देशोदेशी नियम बदलतात. सौदीने २०२२ च्या नोव्हेंबरात भारतीयांसाठी हा दाखला मागणं बंद केलं. तेव्हा तिकडे गेलेल्या मित्राचं ऐकून कुवेतचं ठरवू नकोस.

आता माझं. मी नर्स. माहेर रामबागेत, सासर सुदामा नगरात, पासपोर्टवर पत्ता माहेरचा. सासरच्या थान्यातून कागद काढला, स्वच्छ निघाला. मग पासपोर्ट सेवा केंद्रात सध्याचा पत्ता म्हणून सासरचाच दिला, पुरावा जोडला, आणि निर्धास्त झाले. आपल्याकडे केंद्र इंदूरला असलं तरी निर्णय भोपाळच्या प्रादेशिक कार्यालयाचा. तीन आठवड्यांनी तिथून पत्र आलं: पोलिस अहवाल प्रतिकूल आहे, खुलासा करा.

मी पत्र दोनदा वाचलं. मग आठवलं. रामबागेतल्या आमच्या वाड्याचे काकांशी वाटे पडले तेव्हा नळ सामायिक राहिला होता. त्या नळावरून एका सकाळी काकूशी जुंपली. तिने तक्रारीत घरातल्या सगळ्या बायकांची नावं दिली, माझंही. मी तेव्हा फक्त बादली उचलून आत नेत होते. नंतर कोर्टात राजीनामा झाला. (महाराष्ट्रातल्यांनो, आमच्याकडे राजीनामा म्हणजे तडजोड, नोकरी सोडणं नव्हे.) आम्ही सगळे एकत्र बाहेर येऊन सराफ्यात गराडू खाल्लं आणि विषय संपला असं मी धरून चालले.

कोर्टात संपला होता. थान्याच्या नोंदीत नव्हता. सासरच्या थान्याने कागद देताना आपल्या हद्दीपुरतं पाहिलं, म्हणून तो स्वच्छ. पासपोर्टच्या चौकशीत संगणकावर नाव टाकलं तेव्हा माहेरच्या थान्यातला गुन्हा वर आला आणि त्यापुढे 'न्यायालयात प्रलंबित'. निकाल थान्यात कोणी पोहोचवलाच नव्हता. कायद्याने मान्य असलेली तडजोड कोर्टाने नोंदली की त्याचा परिणाम निर्दोष सुटल्यासारखाच असतो. पण तो आदेश तुझ्या हातात नसेल तर तुझ्या तोंडी सांगण्याला काय किंमत?

मग आदेशाच्या प्रतीसाठी कोर्टाच्या नकल शाखेत अर्ज. केस नंबर माहीत नाही, वकील वारलेले. शेवटी काकूकडेच गेले. तिने शिवणाच्या डब्यातून समन्सचा कागद काढून दिला, त्यावर नंबर होता. काही बोलली नाही, मीही नाही. तो डबा मला अजून दिसतो. आदेशाची प्रमाणित नकल मिळाली, एक प्रत थान्यात देऊन पोच घेतली, एक खुलाशासोबत भोपाळला. फेरचौकशी झाली आणि दाखला आला. सगळे मिळून अकरा आठवडे गेले.

म्हणून अर्ज भरण्याआधी एक काम कर. services.ecourts.gov.in वर मध्य प्रदेश, इंदूर जिल्हा निवडून पक्षकाराच्या नावाने शोध. वर्ष टाकावं लागतं, तेव्हा भांडणं, अपघात, जमिनीचे वाद ज्या ज्या वर्षी झाले ती सगळी वर्षं पाहा, 'निकाली' आणि 'प्रलंबित' दोन्ही. नावाचं स्पेलिंगही दोन-तीन तऱ्हांनी टाक, हिंदी मुलखात आपल्या आडनावांचं काय काय करतात ते तुला माहीत आहे. काही निघालं आणि निकाली असेल तर नकल आधीच काढून ठेव. खटला खरोखर चालू असेल तर मात्र वकील गाठ, तिथे खुलासा पुरत नाही. काहीच नसेल तर पाचशे रुपये भर आणि मोकळा हो. फार आधीही काढू नकोस, मागणारे बहुधा सहा महिन्यांच्या आतली तारीख बघतात.

मुलाचं विचारलंस म्हणून सांगते, नाहीतर हे लिहिणार नव्हते. त्या अकरा आठवड्यांत एप्रिल गेला. इथे कुवेतमधल्या भारतीय शाळा एप्रिलमध्येच सुरू होतात. आम्ही पोहोचलो जुलैत. शाळेने मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला साक्षांकित मागितला, आणि तिच्या इंदूरच्या शाळेने त्यावर जिल्हा शिक्षणाधिकाऱ्याची सही न घेताच तो हातावर ठेवला होता. मीही पाहिलं नाही, मी तर माझ्याच कागदात बुडालेली. तो कागद परत इंदूरला, मग दिल्लीला, मग इकडे. तोवर जागा भरल्या. चौथीत जायची मुलगी पुढच्या वर्षी पुन्हा तिसरीत बसली. आता अकरावीत आहे, वर्गात सगळ्यांत मोठी. ती कधी बोलून दाखवत नाही. मीच तिच्या प्रत्येक वाढदिवसाला मनात हिशेब करते.

तुझा मुलगा पाच वर्षांचा आहे, त्याच्याकडे अजून शाळा सोडल्याचा दाखलाच नसेल. त्याला आत्ताच ने.

एकटेपणाचं म्हणशील तर होते सवय. शुक्रवारी सुट्टी असते, पोहे इथेही मिळतात, शेव तेवढी येताना घेऊन ये.

आणि हो, थान्याचा तो कागद फेकू नकोस. त्यावर तुझं नाव आणि पत्ता कसा लिहिलाय ते पासपोर्टशी ताडून बघ. माझ्या कागदावर वडिलांचं नाव गायब होतं, आणि ते मला अकराव्या आठवड्यात दिसलं.