घोळणा फुटतो, त्यात आंब्याचा काय दोष?

*ताई, मला सहावा महिना चालू आहे, देवगडजवळ राहते. महिनाभरात तीनदा घोळणा फुटला. रात्री नाक चोंदतं, सकाळी डोकं जड. सासूबाई म्हणतात, आंब्याची उष्णता. मेडिकलमधून आणलेले नाकाचे थेंब आठवडाभर घालतेय, आता त्यांच्याशिवाय श्वासच घेववत नाही.*

आंब्याला सोड गं. दिवस भरत येईपर्यंत अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं, आणि इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन ही हार्मोन्स रक्तवाहिन्या सैलावतात. नाकाच्या आतलं अस्तर म्हणजे केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं. ते फुगलं की सर्दी नसतानाही नाक चोंदतं आणि खपली निघाली तरी रक्त येतं. बाळंतपणानंतर साधारण दोन आठवड्यांत हे बहुतेकींचं आपोआप ओसरतं.

माझ्या वेळी आजीने मला आडवं करून डोक्यावर गार पाणी ओतलं होतं. रक्त घशात उतरलं आणि उलटी झाली, एवढंच हाती लागलं. तू ताठ बस, मान पुढे झुकव. नाकाच्या हाडाखालचा मऊ भाग चिमटीत धर आणि घड्याळ लावून दहा ते पंधरा मिनिटं सोडू नकोस. थांबलं का, हे बघायला मध्येच चिमटी सोडली की पुन्हा वाहतं, सगळ्यांची चूक तिथेच होते. तोंडाने श्वास घे, तोंडात आलेलं रक्त थुंकून टाक. अर्ध्या तासातही थांबलं नाही, किंवा धारच लागली, तर तडक दवाखाना.

आता ते थेंब. ते रक्तवाहिन्या आवळतात म्हणून नाक उघडतं. असर उतरला की त्या आधीपेक्षा जास्त फुगतात, म्हणून पुन्हा थेंब. तू नेमकी त्याच फेऱ्यात आहेस. शिवाय गरोदरपणात ते मनाने घालायचेच नसतात. डॉक्टरांना सांगून बंद कर. एकदम जमत नसेल तर आधी एका नाकपुडीचे, चार दिवसांनी दुसरीचे, असं करता येईल का ते त्यांना विचार. त्याऐवजी मेडिकलमध्ये साध्या मिठाच्या पाण्याचा स्प्रे मिळतो, तो दिवसातून दोन-तीनदा मार. झोपताना उशाला दोन उशा घे, पंख्याचा वारा तोंडावर नको, आणि चुलीच्या धुरापासून लांब राहा.

नाक मोकळं झालं, झोप लागली की सकाळचं जडपण बहुधा उतरतं. गोळी लागलीच तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल; आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक नको.

मात्र विसाव्या आठवड्यानंतरची डोकेदुखी नाकाच्या माथी मारून मोकळं व्हायचं नसतं. याच आठवड्यात आशाताईंबरोबर जाऊन बीपी मोजून ये. वरचा आकडा 140 किंवा खालचा 90 गाठत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर. डोकं असह्य ठणकतंय, डोळ्यांपुढे काजवे चमकतात, बरगडीखाली दुखतंय किंवा चेहरा अचानक सुजलाय, तर रात्र असली तरी 108 ला फोन कर.

साखर वाढली नसेल तर सासूबाईंसमोर बसून हापूस खा.