शंकूच्या टाकीतलं पाणी उपसताना उत्तर दुप्पट का येतं?

*खानापूरला पीयूसी दुसऱ्या वर्षाला आहे. टोक खाली असलेली शंकूची टाकी, खोली 3 मीटर, वरची त्रिज्या 1.5 मीटर, काठोकाठ पाणी. सगळं पाणी काठापर्यंत उपसायला लागणारं कार्य काढायचं. सरासरी उंची 1.5 मीटर धरली, तर उत्तर पुस्तकाच्या दुप्पट येतं. का?*

कारण निम्मं पाणी निम्म्या उंचीखाली नाही. टोकाकडे पाणी थोडं, काठाशी भरपूर, आणि काठाजवळच्या पाण्याला फारसं चढावं लागत नाही.

म्हणून भाकरीसारखे पातळ थर करा. तळापासून y उंचीवरच्या थराची त्रिज्या y/2. त्याचं वजन 9800·π(y/2)²·dy न्यूटन, आणि त्याला चढायचं अंतर 3 − y. मुलं इथे हमखास y लिहितात. अंतर नेहमी थरापासून काठापर्यंत मोजायचं.

```
W = 2450π ∫₀³ y²(3 − y) dy
  = 2450π × 6.75 ≈ 52,000 J
```

पडताळा घ्या: एकूण वजन सुमारे 69,270 न्यूटन, आणि शंकूचं गुरुत्वमध्य काठापासून 0.75 मीटर खाली, 1.5 नव्हे. गुणाकार तोच येतो.

आपल्याकडे पाणी बहुधा गच्चीवर चढवतात. पाइपाचं तोंड काठाच्या 4 मीटर वर असेल, तर 3 − y ऐवजी 7 − y घ्या. बाकी काही बदलत नाही. पंपाला मात्र याहून जास्त वीज लागते, कारण पाइपातलं घर्षण यात धरलेलं नाही.