थंबनेलवरचं जुनं शीर्षक आणि लाल बाण: आधी नवा मजकूर ठेवा, मग खोडायला बसा

प्रश्न: थंबनेलची लेयरवाली फाईल गेली, फक्त जेपीजी उरलीय (१२८०×७२०). शीर्षक फार लांब झालंय, ते बदलायचंय. मधला मोठा लाल बाणही काढायचाय, पण तो भिंतीवरून सायकलच्या नळीवर गेलाय. हील टूल फिरवलं की लाल डाग पसरतो. गिंप वापरतो. चित्र जोडलंय.

उत्तर:

तुमचं चित्र उतरवून घेतलं आणि स्वतः करून पाहिलं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी एक गोष्ट. तुम्ही खोडण्यापासून सुरुवात केलीत, तिथेच निम्मी मेहनत वाया जाते. मीही एकदा असाच दोन तास बसून भिंतीचा कोपरा न् कोपरा साफ केला होता आणि मग नवं शीर्षक नेमकं त्याच जागेवर आणून ठेवलं. सगळी कारागिरी अक्षरांखाली गाडली गेली. तेव्हापासून नवा मजकूर पहिल्यांदा ठेवतो. तो जे झाकेल ते साफ करायचंच नाही, बाहेर डोकावेल तेवढंच दुरुस्त करायचं.

तुमचं जुनं शीर्षक ‘सायकलचे ब्रेक नीट लागत नसतील तर हे करून पाहा’ असं नऊ शब्दांचं, तीन ओळींत आहे आणि अक्षरं साधारण ६४ पिक्सेलची आहेत. मोबाईलच्या यादीत हे चित्र खूप लहान दिसतं. गिंपमध्ये झूम १२.५ टक्के केलात की ते १६० पिक्सेल रुंद होतं आणि अक्षर ८ पिक्सेलवर येतं. एवढ्याशा उंचीत मात्रा, उकार आणि अनुस्वार चक्क विरघळतात. मी ‘ब्रेक सैल झालेत?’ एवढंच ठेवलं. पहिल्या ओळीत ‘ब्रेक’, दुसऱ्या ओळीत बाकीचं. फॉन्ट मुक्ता, सगळ्यात जाड वजनाचा, आकार १५० पिक्सेल, रंग पिवळा. तोच झूम केल्यावर अक्षर १९ पिक्सेलच्या आसपास राहतं आणि ‘सै’वरच्या दोन्ही मात्रा वेगळ्या दिसतात. तुम्हाला दुसरे शब्द सुचले तर खुशाल घ्या, पण तीन-चारच्या वर जाऊ नका.

देवनागरीत दोन ठिकाणी हात आवरायचा. अक्षरांमधलं अंतर वाढवायचं नाही, कारण शिरोरेघ तुटते आणि शब्द फाटल्यासारखा दिसतो. आणि दोन ओळी जवळ आणताना खालच्या ओळीच्या मात्रा वरच्या ओळीच्या पायात अडकत नाहीत ना, ते बघायचं. इंग्रजी शीर्षकांसाठी सांगितलेलं ओळींतलं अंतर आपल्याला कधीच पुरत नाही. जाता जाता, टेक्स्ट टूलच्या पर्यायांत खाली `Language` आहे, तिथे मराठी निवडा. फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श आपल्या वळणाचे येतात.

काळी किनार मजकुराच्याच लेयरवर रेघ मारून काढू नका. मजकुराच्या लेयरवर राईट क्लिक करून `Alpha to Selection`, मग `Select > Grow` मध्ये १०, मग त्याच्या खाली नवी लेयर घेऊन त्यात काळा भरा. किनार खाली राहिल्यामुळे अक्षरांचे सांधे वरून दिसत नाहीत आणि अक्षराची जाडीही खाल्ली जात नाही. ‘ब’चं पोट काळं होतं, होऊ द्या, पिवळ्या अक्षरात ते खटकत नाही. मजकूर उजव्या खालच्या कोपऱ्यात मात्र नेऊ नका. तिथे व्हिडिओच्या वेळेची पट्टी बसते.

आता मजकूर आणि किनार या दोन्ही लेयरची अपारदर्शकता ५० टक्के करा. तुमच्या चित्रात पहिली ओळ जवळजवळ सगळी आणि तिसऱ्या ओळीचं शेपूट नव्या अक्षरांच्या बाहेर राहतं. साफ करायचं ते एवढंच, शिवाय बाण.

भिंतीसाठी क्लोनचे ठिपके मारत बसू नका. तुमची भिंत धूसर आहे आणि उजेड डावीकडून येतोय. म्हणजे तिचा रंग डावीकडून उजवीकडे बदलतो, वरून खाली जवळजवळ नाही. शीर्षकाच्या वर साधारण ४० पिक्सेल उंचीची स्वच्छ पट्टी आहे. चौकोनी निवडीने ती पट्टी एवढी रुंद घ्या की जुनं शीर्षक आणि बाणाचा भिंतीवरचा भाग दोन्ही तिच्याखाली येतील. कॉपी करून नव्या लेयरवर चिकटवा आणि स्केल टूलने फक्त उंची ताणून मजकुराच्या खालपर्यंत आणा. रुंदीला हात लावायचा नाही, त्यासाठी साखळीचं चिन्ह तोडून ठेवा. उजेडाचा उतार जसाच्या तसा उतरतो आणि जुनी अक्षरं एका फटक्यात झाकली जातात.

ताणल्यामुळे फोटोतले बारीक कण उभ्या रेघांसारखे लांबतात, तेवढं सावरावं लागतं. या लेयरला गॉशियन ब्लर देऊन रेघा पुसा. मग पट्टी फारच गुळगुळीत, प्लास्टिकसारखी दिसू लागते, म्हणून `Filters > Noise > RGB Noise` अगदी थोडा द्या. किती, ते शेजारच्या खऱ्या भिंतीकडे २०० टक्के झूमवर बघून ठरवा. शेवटी लेयरला मास्क लावून कडा मऊ ब्रशने विरवा. उजेड वरून खालीही बदलत असेल तर ही युक्ती एकट्या पट्टीने जमत नाही. मग एक पट्टी वरून आणि एक खालून घ्यायची आणि मास्कमध्ये ग्रेडियंट ओढून एकीतून दुसरीत जायचं.

आता बाण. भिंतीवरचा त्याचा भाग याच पट्टीखाली जातो. खरी अडचण नळीवर आहे, आणि हील टूल तिथे लाल का पसरवतं हेही समजून घ्या. क्लोन टूल उचललेला तुकडा आहे तसा ठेवतं. हील टूल त्यातला फक्त पोत घेतं आणि रंग-उजेड जिथे ठेवायचंय त्या जागेच्या आजूबाजूकडून घेतं. आजूबाजूला लाल असेल तर ते लालच घेणार. म्हणून लाल रंग पूर्ण जाईपर्यंत हीलला हात लावायचा नाही.

‘पूर्ण जाईपर्यंत’ याचा अर्थ दिसतो त्यापेक्षा मोठा आहे. जेपीजीत उजेड बारीक साठवला जातो, पण रंग सहसा निम्म्या बारकाईने. त्यामुळे लाल रंग बाणाच्या कडेबाहेरही सांडलेला असतो, दहा-पंधरा पिक्सेलपर्यंत. ४०० टक्के झूम करा, राखाडी नळीवर गुलाबी चौकटी दिसतील. शिवाय तुमच्या बाणाला खाली-उजवीकडे सावली आहे, ती सगळे विसरतात. बाण जातो आणि त्याची सावली हवेत लटकत राहते. म्हणून बाणाभोवती निवड करताना सावलीसकट करा आणि `Select > Grow` १४ ठेवा.

नळी सरळ आहे हे तुमचं नशीब. बाणाच्या डावीकडे नळीचा स्वच्छ भाग आहे. तिथून या वाढवलेल्या निवडीच्या रुंदीपेक्षा थोडा लांब तुकडा, नळीच्या वरखालची जराशी भिंत धरून, फ्री सिलेक्टने निवडून कॉपी करा. नव्या लेयरवर चिकटवा आणि नळीच्या दिशेतच सरकवून बाणावर आणा. जुळवताना कडांकडे नाही, नळीवरच्या उजळ रेघेकडे बघा. ती चमक एक पिक्सेल जरी वरखाली झाली तरी नळी मोडल्यासारखी दिसते. तुमच्या चित्रात नळी उजवीकडे किंचित जाड होत जाते (कॅमेऱ्याजवळ येतेय), म्हणून तुकडा जुळल्यावर पर्स्पेक्टिव्ह टूलने त्याची उजवी कड जराशी उघडावी लागली. उजेडातही थोडा फरक होता. तो `Colors > Curves` मधली रेघ केसभर खाली ओढून मिटला.

एवढं झालं की `Layer > New from Visible` करून सगळं एका लेयरवर घ्या. मजकूर आणि किनार आधी लपवायला विसरू नका, नाहीतर तेही आत चिकटतात. आता हील टूल काढा आणि छोट्या ब्रशने फक्त दोन्ही सांध्यांवरून फिरवा. भिंत आणि नळी जिथे भेटतात त्या कडेवर मात्र हील नको. तिथे ते दोन्हीकडचा उजेड मिसळून राखाडी फराटा उठवतं. त्या कडेला क्लोन टूल, लहान ब्रश आणि नळीच्याच कडेवरून घेतलेला नमुना. एका टोकाला क्लिक करून दुसऱ्या टोकाला शिफ्ट धरून क्लिक केलंत की सरळ रेघ जाते.

निवडलेली जागा आपोआप भरून देणारं रिसिंथेसायझर प्लगिनही लावून पाहिलं. भिंतीवर ठीक चाललं, नळीवर चमकेची रेघ वाकडी केली. मला हातानेच बरं वाटलं.

एवढं करूनही कुठे गुलाबी झाक राहिली तर पुन्हा कापाकापी नको. पेंटब्रशचा मोड `LCh Color` करा, शेजारच्या नळीचा रंग उचला आणि त्यावरून फिरवा. उजेड-अंधार तसाच राहतो, फक्त रंग बदलतो. मला उजव्या टोकाला दोन ठिकाणी हे करावं लागलं.

ठिगळं दिसतात का हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही, कारण तासभर तेच चित्र बघून डोळा सरावलेला असतो. सगळं दिसतंय त्याची आणखी एक लेयर करा, `Colors > Levels` उघडा आणि दोन्ही टोकांचे त्रिकोण आत ओढा. चित्र भडक होतं आणि पट्टीची कड, नळीचा सांधा, राहिलेली सावली असं सगळं उघडं पडतं. बघून झालं की `Cancel`. मग `Image > Transform > Flip Horizontally` करून एकदा नजर टाका. माझ्या पहिल्या प्रयत्नात भिंतीच्या पट्टीची खालची कड अशीच सापडली. सरळ चित्रात ती अजिबात दिसत नव्हती.

बाण गेल्यावर ब्रेककडे लक्ष जाईल का, अशी शंका तुम्हाला येईल. त्या फोटोत तुमचं बोट आधीच ब्रेकवर टेकलेलं आहे. मला तर बाण पहिल्यापासूनच जास्तीचा वाटला.

शेवटी चित्र पुन्हा उलटवून सरळ करा, तपासणीची लेयर काढून टाका आणि मजकूर व किनार सगळ्यात वर आणून, अपारदर्शकता १०० टक्के करून पुन्हा दाखवा. निर्यात करताना जेपीजीच्या खिडकीत गुणवत्ता ९० ठेवा आणि प्रगत पर्यायांत `Subsampling` ४:४:४ करा. नाहीतर तुमच्या पिवळ्या अक्षरांचा रंग काळ्या किनारीत सांडेल, त्या लाल बाणासारखाच. आणि एक्ससीएफ फाईल यावेळी दोन ठिकाणी ठेवा राव.