‘स्पॉन्सरशिप लागेल’ या दोन शब्दांत अर्ज अडतो

*सर, मी 27 वर्षांची. पुणे विद्यापीठाशी संलग्न कॉलेजातून इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनमध्ये बीई केलं आणि चार वर्षं चाकणला एम्बेडेड सॉफ्टवेअरचं काम करतेय. पाच महिन्यांत जर्मनीत 40 ठिकाणी अर्ज केले. तिघांनी नकार कळवला, बाकीच्यांचं उत्तरच नाही. मेलच्या शेवटी मी लिहिते की मला व्हिसा स्पॉन्सरशिप लागेल आणि मी कुठेही, लगेच यायला तयार आहे. मैत्रीण म्हणते, व्हिसाचं लिहूच नकोस, आधी मुलाखत मिळू दे. माझा नोटीस पीरियड 90 दिवसांचा आहे. पुढे नवराही येणार आहे. यातलं काय लिहू, काय नको?*

लपवून काही मिळणार नाही. सीव्हीवर पुण्याचा पत्ता आणि +91 चा नंबर आहे, म्हणजे व्हिसा लागणार हे समोरच्याला कळलेलंच असतं. तुम्ही गप्प राहिलात तर तो स्वतःच अंदाज बांधतो, आणि तो अंदाज बहुधा तुमच्या विरोधात जातो. त्यामुळे लिहायचं. मात्र आत्ता लिहिता तसं नाही.

‘स्पॉन्सरशिप’ हा शब्द ब्रिटनचा. तिथे कंपनीकडे सरकारी स्पॉन्सर लायसन्स लागतं आणि ते नसेल तर ती तुम्हाला घेऊच शकत नाही. अमेरिकेत एच-1बी साठी कंपनीला अर्ज करावा लागतो, वर लॉटरीही असते. जर्मनीत यातलं काही नाही. कंपनीला कसलंही लायसन्स लागत नाही. व्हिसाचा अर्ज तुम्ही करता, तुमच्या नावाने. पण दीडशे माणसांच्या कंपनीतल्या एचआरच्या बाईंनी भारतातून कधी कुणाला घेतलेलं नसेल, तर ‘आय नीड स्पॉन्सरशिप’ वाचून त्यांच्या डोळ्यांसमोर वकील, फी आणि वर्षभराचा घोळ उभा राहतो. शेजारी त्याच गावात राहणाऱ्या उमेदवाराचा अर्ज पडलेला असतो. तुमचा बाजूला ठेवायला एवढं पुरतं.

म्हणून मागणी करण्याऐवजी, त्यांना नेमकं काय करावं लागेल ते सांगा. तुमच्यासारख्यांचा रस्ता म्हणजे ईयू ब्लू कार्ड, पदवीधरांना नोकरीसाठी मिळणारा राहण्याचा आणि कामाचा परवाना. त्यासाठी कंपनीने द्यायचं ते इतकंच: किमान सहा महिन्यांचा नोकरीचा करार, आणि `Erklärung zum Beschäftigungsverhältnis` नावाचा एक फॉर्म. त्यात पद, पगार, कामाचे तास, सुट्ट्या अशी माहिती भरून सही करायची असते. फॉर्मचं नाव मेलमध्ये जर्मनमध्येच लिहा. ते वाचलं की समोरच्याला कळतं, हिने घरचा अभ्यास केलाय.

पण हे लिहिण्याआधी दोन गोष्टी पक्क्या झाल्या पाहिजेत, नाहीतर ते वाक्य पोकळ ठरेल.

पहिली गोष्ट पदवीची. परदेशी पदव्यांचा जर्मन सरकारी डेटाबेस आहे, `anabin`. त्यात विद्यापीठापुढे `H+` असा शेरा हवा आणि तुमची पदवीही तिथे जर्मन पदवीच्या तोडीची म्हणून नोंदलेली हवी. इथे आपली मुलं एक चूक हमखास करतात: कॉलेजचं नाव शोधतात, ते सापडत नाही आणि धीर सोडतात. पदवी कॉलेज देत नाही, विद्यापीठ देतं. तेव्हा प्रमाणपत्रावर वर जे नाव छापलंय ते शोधा. पुणे विद्यापीठाचं नाव 2014 मध्ये बदललं, त्यामुळे जुनं ‘युनिव्हर्सिटी ऑफ पुणे’ हेही टाकून बघा. विद्यापीठाचं आणि पदवीचं, अशा दोन्ही पानांची पीडीएफ काढून ठेवा. पदवीची नोंद सापडली नाही, तर `ZAB` या संस्थेकडून तुलनापत्र घ्यावं लागतं. त्याची फी 208 युरो. ते हातात येईपर्यंत मेलमध्ये ‘अर्ज केला आहे’ इतकंच लिहायचं, ‘मान्य आहे’ असं नाही.

दुसरी गोष्ट पगाराची, आणि माझ्या मते तुमच्या 40 अर्जांपैकी काही तरी इथेच गेले असणार. जर्मन जाहिरातीत बऱ्याचदा अपेक्षित पगार विचारतात. तो वर्षाचा, कर कापण्याआधीचा आकडा असतो. आपण मनात रुपयांचा हिशोब करतो आणि वाटतं, 40,000 युरो म्हणजे पुष्कळ झाले, शिवाय कमी मागितलं तर घेतील तरी. तसं होत नाही. ब्लू कार्डला पगाराची किमान मर्यादा आहे: 2026 साठी वर्षाला 50,700 युरो, आणि इंजिनिअरिंगसारख्या तुटवड्याच्या क्षेत्रांना 45,934 युरो 20 सेंट. ही मर्यादा तिथल्या पेन्शनच्या आकड्याला बांधलेली आहे, म्हणून दर जानेवारीला बदलते. तुम्ही कमी मर्यादेत बसता, पण त्या वाटेने जाताना तिथलं रोजगार खातं आणखी एक गोष्ट तपासतं: त्याच कामासाठी स्थानिक माणसाला मिळतो तितका पगार तुम्हाला मिळतोय का. म्हणजे 40,000 लिहिलंत की तुम्ही स्वस्त ठरत नाही, त्या पगारावर तुम्हाला ब्लू कार्डच मिळत नाही. चार वर्षांच्या अनुभवावर 50,700 च्या वरचा आकडा लिहा. त्यात रोजगार खात्याच्या मंजुरीची पायरीही वाचते.

आता ‘लगेच’ हा शब्द. तो काढून टाका, कारण तो खरा नाही आणि समोरच्यालाही ते कळतं. 90 दिवसांची लाज बाळगू नका, जर्मनीत तीन महिन्यांची नोटीस नेहमीची आहे. सगळा हिशोब मांडून बघू. समजा 1 मार्चला करारावर सही झाली. त्या आठवड्यात फॉर्म येतो आणि तुम्ही व्हिसाची तयारी सुरू करता. कंपनीची तयारी असेल तर जलद प्रक्रियाही आहे: कंपनी तुमच्या मुखत्यारपत्रावर तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात अर्ज करते, 411 युरो भरते आणि पूर्वसंमती मिळवते. ती आली की दूतावासाने तीन आठवड्यांत अपॉइंटमेंट द्यायची आणि पूर्ण अर्ज दिल्यावर आणखी तीन आठवड्यांत निर्णय, असा नियम आहे. एप्रिलच्या मध्यावर पूर्वसंमती हातात आली असं धरू. राजीनामा तेव्हा द्यायचा, सहीच्या दिवशी नाही. व्हिसा आणि नोटीस दोन्ही जोडीने चालतात, जुलैच्या मध्यावर तुम्ही मोकळ्या होता आणि 1 ऑगस्टला रुजू. म्हणजे पाच महिने. मग पाचच लिहा. माझ्याकडे आलेल्या सांगलीच्या एका मुलाने ‘एका महिन्यात येतो’ लिहिलं होतं. मुलाखतीत नोटीस विचारली, त्याने तीन महिने सांगितले, आणि पुढचा अर्धा तास त्याचं बाकीचं बोलणंही कुणी मनावर घेतलं नाही.

‘कुठेही यायला तयार’ हेही तसंच. तुम्हाला तो मनाचा मोठेपणा वाटतो, वाचणाऱ्याला वाटतं की हाच मेल शंभर ठिकाणी गेलाय. गावाचं नाव लिहा. शक्य असेल तर त्याच गावात का, याला अर्धं वाक्य द्या. चाकणमध्ये तुम्ही ज्या पार्टवर काम करता तोच तिथे तयार होत असेल, तर त्याहून चांगलं कारण नाही.

मेलमध्ये व्हिसाचा परिच्छेद तिसरा असावा. विषयाच्या ओळीत पदाचं नाव आणि जाहिरातीतला संदर्भ क्रमांक. पहिल्या परिच्छेदात त्यांच्या जाहिरातीतली एक गरज आणि तुम्ही ती कुठे, कशी भागवलीत: कोणता कंट्रोलर, कोणता प्रोटोकॉल, गाडीच्या कोणत्या भागासाठी. दुसऱ्यात आणखी एखादं काम, आणि जर्मन कितपत येतं ते खरं. मॅक्सम्युलर भवनातून ए2 झालं असेल तर ए2 लिहा, ‘बेसिक जर्मन’ नको. मग हा तिसरा. तुम्ही तो इंग्रजीत लिहाल, आशय असा:

> मी सध्या पुण्यात राहते. जर्मनीत काम करण्यासाठी मला ईयू ब्लू कार्ड लागेल. माझं विद्यापीठ आणि पदवी `anabin` मध्ये मान्य आहेत, त्याची प्रत जोडली आहे. आपल्याकडून नोकरीचा करार आणि `Erklärung zum Beschäftigungsverhältnis` हा फॉर्म लागेल. व्हिसाचा अर्ज आणि त्याची फी मी पाहीन. माझी नोटीस तीन महिन्यांची आहे. व्हिसाचं काम धरून, करारावर सही झाल्यापासून सुमारे पाच महिन्यांत मी एसलिंगेनला राहायला येऊन रुजू होऊ शकते. व्हिडिओ मुलाखतीसाठी आपल्या वेळेनुसार सकाळी 9 ते दुपारी 1 मला सोयीचं आहे.

आठ वाक्यं, त्यात एकही विनंती नाही. एसलिंगेन मी उदाहरणादाखल घेतलंय, स्टुटगार्टच्या शेजारचं गाव.

नवऱ्याचा उल्लेख पहिल्या मेलमध्ये नको. लपवायचं म्हणून नाही. निवड कुणाची करायची, याच्याशी त्याचा संबंध नाही. मुलाखतीत विचारलं तर सांगा. तुमच्या माहितीसाठी, ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला व्हिसासाठी ए1 जर्मनची अट नाही आणि तिथे पोचल्यावर त्याला नोकरी करायची मुभा असते. तेव्हा तुम्ही आधी जाऊन घर लावायचं आणि त्याने मागून यायचं, हे जमण्यासारखं आहे. विमानाचं तिकीट, पहिल्या महिन्याची राहायची सोय हेही आत्ता काढू नका. करार हातात आला की विचारा, आणि विचाराल तेव्हा तिकिटापेक्षा राहण्याच्या जागेसाठी आग्रह धरा. तिथे घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते आणि त्यासाठी घरमालकाचं पत्र लागतं. लांबून भाड्याचं घर मिळवताना भल्याभल्यांची दमछाक होते. कंपनीने पहिल्या दोन महिन्यांसाठी खोली बघून दिली तर तिकिटाचे पैसे आपण घातलेले परवडतात.

आणि हो, कुणी एजंट ‘स्पॉन्सरशिप लेटर’ काढून देतो म्हणून लाखभर मागत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा. जर्मनीच्या बाबतीत असं पत्रच अस्तित्वात नाही.

सीव्ही, पदवी, अनुभवपत्र आणि `anabin` ची पानं याच क्रमाने एकाच पीडीएफमध्ये जोडा, नऊ फाइली वेगवेगळ्या नकोत. दोन आठवडे उत्तर आलं नाही तर त्याच मेलखाली दोन ओळी लिहून विचारा, एकदाच. आणि मेल पाठवायच्या आधी जाहिरातीतली भाषा बघा: पूर्ण जाहिरात जर्मनमध्ये असेल आणि सी1 मागितलं असेल, तर ए2 वर तिथे मेल पाठवून वेळ घालवू नका. तुमच्या 40 पैकी अशा किती होत्या, ते एकदा मोजून मला कळवा.