रंगीत लोकरीचे रंग एकाच जागी साचतात, काय करावं?

*मोठ्या बाजारातून चार रंगांच्या लोकरीचे गुंडे आणले. पांघरूण विणून राहिली, पण लाल एका जागी अन् पिवळा एका जागी असे डबकेच तयार होतात. दोनदा उसवलं, तरी तसंच. लोकरच खराब आहे का? की याचीच काही नक्षी करता येते?*

ताई, लोकर चांगली आहे. अशा लोकरीत रंग ठराविक लांबीचे असतात आणि त्याच क्रमाने पुन्हा पुन्हा येतात. एका ओळीला लागणारा दोरा त्या पूर्ण फेऱ्याएवढा किंवा त्याच्या निम्म्याएवढा असला, की प्रत्येक रंग जवळपास त्याच जागी परत येतो. तेच तुमचं डबकं. उसवून त्याच रुंदीचं विणलं तर दुसरं काय होणार?

नुसतं डबकं मोडायचं असेल तर सोपं आहे. दोन गुंडे घ्या, दुसरा वेगळ्या रंगापासून सुरू करा आणि दोन-दोन ओळी आलटून पालटून विणा. कडेने वर नेताना दोरा ओढू नका, नाहीतर पांघरूण त्या बाजूने आखडतं.

पण नक्षी जमण्यासारखी आहे, आणि माझ्या मते या लोकरीचं तेच खरं काम. आधी दोरा ताणून न धरता जमिनीवर पसरा आणि पट्टीने मोजा. समजा लाल २२ सेंमी, पिवळा १८, हिरवा २२, पांढरा १८, म्हणजे फेरा ८० सेंमीचा. पुढच्या दोन-तीन फेऱ्यांतही मापं तीच आली पाहिजेत. एकेक रंग कित्येक मीटर चालणारी लोकर या कामाची नाही, तिचे सरळ पट्टेच पडतात.

टाका मॉसचा घ्या: एक सिंगल क्रोशे, एक साखळी, खालचं एक घर सोडून पुन्हा सिंगल क्रोशे. सिंगल क्रोशे आणि साखळी मिळून एक जोडी धरा. ४ मिमीच्या सुईवर मध्यम जाडीच्या लोकरीत एका जोडीला साधारण साडेचार सेंमी दोरा जातो. म्हणजे लाल ५ जोड्या, पिवळा ४, हिरवा ५, पांढरा ४, एकूण १८. तुमचा हात वेगळा असेल, म्हणून एक नमुन्याची ओळ विणून स्वतःचे आकडे काढा.

आता ओळ १८ ची नाही, १७ जोड्यांची ठेवायची. सगळी गंमत या एका जोडीत आहे. पायाची साखळी दुसऱ्या साध्या लोकरीने ३६ घरांची करा, म्हणजे रंगीत दोरा बरोबर लालच्या सुरुवातीपासून जोडता येतो. पहिला सिंगल क्रोशे सुईपासून चौथ्या घरात घाला. ओळ संपली की दोन साखळ्या जरा आवळून घ्या, काम फिरवा आणि पुढचे सिंगल क्रोशे खालच्या साखळीच्या फटीत घाला. शेवटचा कडेच्या वळणाच्या साखळीत जातो. तो विसरला की ओळ १६ ची होते आणि नक्षी तिथेच बिघडते.

पहिल्या ओळीत पांढऱ्याच्या तीनच जोड्या बसतील. उरलेली एक दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला येईल, मग लाल ५. तिसऱ्या ओळीच्या सुरुवातीला पांढऱ्या दोन, चौथीच्या तीन. असा रंग दर ओळीला एक जोडी सरकतो. काम दर ओळीला फिरतं, म्हणून एकाआड एक ओळी विरुद्ध दिशांना सरकतात आणि तिरप्या रेषा एकमेकींना छेदून चौकटी पडतात. दहा-बारा ओळींशिवाय नक्षी नीट दिसत नाही, तोवर उसवू नका. १८ ओळींनी चक्र पूर्ण होतं.

बिघडतं ते बहुतेक हातामुळे. लालच्या ५ ऐवजी ६ जोड्या झाल्या तर हात घट्ट झाला, ४ झाल्या तर सैल. मे महिन्यात लाईन गेली की घामेजल्या बोटांत दोरा अडकतो आणि टाका घट्ट होतो, ते वेगळंच. चूक त्याच रंगात सुधारा, पुढे ढकलू नका: त्या रंगाच्या सुरुवातीपर्यंत उसवा आणि मधल्या साखळ्या थोड्या लांब किंवा आखूड ओढा. सिंगल क्रोशेपेक्षा साखळीत दोरा कमी-जास्त करणं सोपं जातं.

रुंदी मात्र लोकर ठरवते. १७ जोड्यांचा तुकडा वीसेक सेंमीचा होईल. त्याच्या दुप्पट हवा असेल तर दोन फेऱ्यांच्या ३६ जोड्यांतून एक वजा करून ३५ घ्या. पांघरुणासाठी वीस सेंमीच्या पट्ट्या विणून जोडणं मला जास्त बरं वाटतं, कारण लांब ओळीत चूक उशिरा लक्षात येते.

गुंड्यात मध्येच गाठ आली तर तिच्या पुढचा रंग तपासा. क्रम तुटला असेल तर योग्य रंग येईपर्यंतचा दोरा कापून टाका. नवा गुंडा जोडतानाही लाल, पिवळा, हिरवा, पांढरा हाच क्रम येतो का ते पाहा. उलटा येत असेल तर गुंड्याचं दुसरं टोक काढून तिथून सुरुवात करा.